आरटीओ म्हटलं की बोर्डाला गाडीच आठवणार

ताई, मी डिचोली तालुक्यातल्या एका क्रेडिट सोसायटीत सिस्टीम बघतो. चार शाखा, रोजची साधारण ६०० व्हाउचरं, डेटा ४०० जीबी. बॅकअप रात्री दहाला होतो पण ती डिस्क सर्व्हरच्याच खोलीत आहे. नवीन बॅकअप व्यवस्थेसाठी बोर्डासमोर बोललो, आरपीओ, आरटीओ, इम्युटेबल, एअर गॅप सगळं स्लाइडवर नीट लिहिलं होतं. अकरा डायरेक्टर, सगळे माना हलवत होते. शेवटी चेअरमन म्हणाले, "सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत ना, मग परत कशाला?" आणि विषय पुढच्या मीटिंगवर गेला. पुढच्या वेळी पंधरा मिनिटं मिळतील. उदाहरणं देऊन, सोप्या भाषेत कसं सांगू? – एक सिस्टीम ऑफिसर

अरे, तू आरटीओ म्हणालास तेव्हा त्या खोलीतल्या निम्म्या लोकांच्या डोळ्यासमोर गाडी पासिंगचं ऑफिस उभं राहिलं असणार, आणि आरपीओ म्हटल्यावर पासपोर्ट. आपल्या गोव्यात पासपोर्ट हा घरोघरी बोलायचा विषय, कुणाचा भाचा पोर्तुगालला, कुणाची सून लंडनला, त्यामुळे त्या अक्षरांच्या जागेवर आधीच दुसरं कुणीतरी बसलेलं आहे. वाचताना माणूस अडला तर डोळा मागे नेतो, दोन ओळी परत वाचतो. ऐकताना ती सोय नाही. "पासपोर्टचा इथे काय संबंध" हा विचार त्याच्या मनात संपेपर्यंत तू तीन वाक्यं पुढे गेलेला असतोस, आणि मग तो मान हलवतो कारण अकराजणांत आपण एकटेच अडलोय असं दाखवायला कुणालाच आवडत नाही. बाकीचे दहाही त्याच कारणासाठी मान हलवत असतात.

पण ह्या दोन शब्दांसाठी उदाहरण शोधत बसू नकोस. दोन्ही शब्द म्हणजे खरं तर दोन प्रश्न आहेत आणि ते बोर्डालाच विचारायचे आहेत, कारण उत्तर त्यांनीच द्यायचंय, तू नाही. पहिला, तुझा आरपीओ: मशीन अचानक गेलं तर किती तासांचं काम परत करायची आपली तयारी आहे? दुसरा, तुझा आरटीओ: काउंटर किती वेळ बंद राहिलेला सभासद सहन करतील? बस. अक्षरं घ्यायचीच नाहीत. घेतलीस तर फक्त कोटेशनमध्ये ती दिसतील तेव्हा, "हा कॉलम म्हणजे आपला पहिला प्रश्न" एवढंच.

आता पहिला प्रश्न हवेत विचारलास तर "एक तास" असं उत्तर येईल, सगळ्यांनाच एक तास हवा असतो. म्हणून तो तुमच्या रोजकीर्दीवर उतरव. तुझे आकडेच घेऊन बघ. काल रात्री दहाला प्रत काढली, आज दुपारी तीनला सर्व्हर गेला. म्हणजे आजची जवळजवळ सगळी ६०० व्हाउचरं कॉम्प्युटरमधून गेली. एक व्हाउचर परत मारायला दोन मिनिटं धरली तर १२०० मिनिटं, म्हणजे वीस तास, चार शाखांत एकेक क्लार्क बसला तर प्रत्येकाचे पाच तास. हे ऐकून कुणीतरी म्हणेलच की पाच तास ना, करू एक दिवस ओव्हरटाइम, त्यात काय. आणि त्याचं बरोबर आहे! तिथे वाद घालू नकोस. तिथेच थांबून विचार, "आणि ज्याचं व्हाउचर आपल्याकडे नाही त्याचं काय?"

पिग्मी एजंट मशीनवर पैसे घेतो, छापलेली चिठ्ठी दुकानदाराच्या हातात देतो, संध्याकाळी शाखेत येऊन मशीन जोडतो की नोंदी आपल्या सर्व्हरवर चढतात. चढल्यावर मशीनमध्ये त्या किती दिवस राहतात हे तुझ्या मशीनवाल्याला आधी विचारून ठेव, काही ठिकाणी लगेच पुसतात. समजा एजंटने मशीन संध्याकाळी पाचला जोडलं, नोंदी चढल्या, मशीनमधून पुसल्या, आणि प्रत निघायच्या आधी नऊला सर्व्हर गेला. आता त्या नोंदीचा एकमेव कागद मासळी मार्केटात बसलेल्या एका बाईच्या पिशवीत आहे, बहुतेक ओला झालेला. हे सांगताना तीच बाई बोर्डाच्या डोळ्यासमोर यायला हवी. डायरेक्टर लोकांना ती माहीत आहे, तिच्या गल्लीत त्यांनीच खाती उघडून दिलीत. "तिने काउंटरवर येऊन म्हटलं की मी त्या दिवशी पाचशे भरले, तर आपण काय दाखवणार?" ह्याला ना उदाहरण लागतं ना इंग्रजी शब्द. तुमच्या संस्थेतलीच गोष्ट असेल तर उपमेपेक्षा ती कधीही बरी, हे मी खूप उशिरा शिकले.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र एक उदाहरण खरंच उपयोगी पडतं. तुझ्या बोर्डावर साठीच्या पुढचे असतील तर त्यांना मांडवीचा पूल आठवत असेल. ५ जुलै १९८६ ला पडला, नवीन पूल वाहतुकीला मिळाला १९९२ मध्ये. पण पणजीला माणसं सहा वर्षं गेली नाहीत असं झालं नाही, बेतीहून फेरीबोटी चालल्या. रांगा लागल्या, हाल झाले, पण माणसं पलीकडे गेली. तर बोर्डाला सांग, मी पूल कधी बांधून होईल हे विचारत नाहीये, फेरी किती वेळात सुरू झाली पाहिजे हे विचारतोय. म्हणजे नवीन सर्व्हर येऊन सगळं पहिल्यासारखं व्हायला दोन आठवडे लागू देत, पण पैसे भरणं, काढणं आणि खात्याची शिल्लक सांगणं एवढं तरी किती तासांत सुरू हवं? हा फरक लक्षात आला की चर्चेत एकदम जीव येतो, कारण आता ते ठरवू शकतात, की कर्जाचे रिपोर्ट आठवडाभर नसले तरी चालेल पण पेन्शनवाल्यांना दुसऱ्या दिवशी पैसे मिळालेच पाहिजेत.

फक्त दोन गोष्टी सांभाळ. एक म्हणजे ही उपमा दुसऱ्या प्रश्नापुरतीच, पहिल्या प्रश्नाला ती लावू नकोस, पूल पडल्यावर कुणाच्या नोंदी गेल्या नव्हत्या. दुसरं, त्या दिवसाची वाईट आठवण कुणाच्या घरात असू शकते. आधी सेक्रेटरीला हळूच विचारून घे. तसं काही असेल तर पूल सोडून दे आणि सरळ "पूर्ण सुरू" आणि "कामापुरतं सुरू" असे दोन शब्द वापर, काम होतं.

आणि इथेच हिशोब सांग, कारण सगळ्यांना वाटतं प्रत आहे म्हणजे दहा मिनिटांत परत येणार. ४०० जीबी डेटा शेजारी ठेवलेल्या डिस्कवरून सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने उतरवला तर साधारण सव्वा तास. तोच इंटरनेटवरून, ५० एमबीपीएसच्या लाइनने आणला तर जवळजवळ अठरा तास, तेही लाइन मधे तुटली नाही तर. बोर्डासमोर एमबी-जीबी काढू नकोस, "टाकी तीच आहे, एका बाजूने तीन इंची पाइप आहे आणि दुसऱ्या बाजूने बारका नळ" म्हण आणि सव्वा तास, अठरा तास हे दोनच आकडे सांग. त्याच्या वर दुसरं मशीन आणणं, सॉफ्टवेअर घालणं, आणि शेवटी सगळ्या खात्यांच्या जमा-नावे रकमांची तेरीज जुळवणं. तेरीज जुळल्याशिवाय काउंटर उघडायचा नाही हे सांगितलंस की तुझ्या बोर्डावरचे जुने अकाउंटवाले तुझ्या बाजूने बोलायला लागतील बघ, कारण तो त्यांचा शब्द आहे.

आता चेअरमनांचा दोन डिस्कचा प्रश्न. तो अजिबात चुकीचा नव्हता आणि त्याचं उत्तर तयार नव्हतं म्हणून तुझा विषय पडला. सर्व्हरमधली दुसरी डिस्क म्हणजे आरसा. पहिल्या डिस्कवर जे होतं ते त्याच क्षणी दुसरीवर होतं. एक डिस्क जळली तर दुसरी काम चालू ठेवते, त्यासाठीच ती आहे आणि ते काम ती चोख करते. पण कुणी चुकून एका शाखेची खाती पुसली तर आरशातही ती पुसली जातात, आणि रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी आत सोडलेल्या प्रोग्रामने, फाइली कुलपात घातल्या तर आरशातही कुलूपच दिसतं. कपाळावरचं कुंकू पसरलं तर आरशातलं नीट राहील का? एवढं एक वाक्य पुरे. चेअरमनांचा प्रश्न खरा धरून उत्तर दे, "सर, डिस्क जळण्याची काळजी आपण घेतलेली आहे, ही काळजी वेगळी आहे." त्यांनीच मंजूर केलेली खरेदी असणार ती, ती वाया गेली असं त्यांना वाटू देऊ नकोस.

रॅन्समवेअर म्हणजे काय हे सांगायला भीतीदायक चित्रं नकोत. जुलै २०२४ च्या शेवटी देशातल्या छोट्या बँकांना सिस्टीम पुरवणाऱ्या एका कंपनीवर असा हल्ला झाला, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने खबरदारी म्हणून त्या कंपनीला पेमेंटच्या जाळ्यापासून तोडलं आणि जवळपास ३०० छोट्या बँकांचे यूपीआय, एटीएमचे व्यवहार अडकले. त्यात सहकारी बँकाही होत्या. "आपल्यासारख्यांच्या बाबतीत झालेलं आहे" एवढं त्यातून कळलं की पुढे जा.

इम्युटेबलला मात्र उपमा हवीच, कारण ती गोष्ट डोळ्याला दिसत नाही. मी सब-रजिस्ट्रारचं ऑफिस वापरते. घराचं विक्रीखत एकदा नोंदवलं की त्यातलं एक अक्षरही तुम्ही जाऊन खोडू शकत नाही, मालक असलात तरी नाही, वकील घेऊन गेलात तरी नाही. चूक असेल तर दुरुस्तीचा नवीन दस्त करायचा, जुना आपल्या जागी तसाच राहतो. आपली नवीन प्रत तशी असेल. रोज नवीन प्रत बाजूला बसेल पण जुनी कुणालाही बदलता किंवा पुसता येणार नाही, मलासुद्धा नाही. हे "मलासुद्धा नाही" छातीवर हात ठेवून म्हण, कारण खरा मुद्दा तोच आहे. हल्ला करणारे आत शिरले की आधी तुझा पासवर्ड मिळवतात, त्या पासवर्डने जुन्या प्रती शोधून पुसतात, आणि मगच कुलूप घालतात. तुझी आत्ताची डिस्क त्याच खोलीत, त्याच पासवर्डवर, जोडलेलीच आहे, म्हणजे त्यांना तीही उघडीच.

मग लगेच ह्या उपमेची हद्द सांग, तूच सांग, कुणी विचारायची वाट बघू नकोस. विक्रीखत कायमचं असतं, आपली प्रत ठरवलेल्या मुदतीपुरती, समजा तीस दिवस. त्यानंतर ती पुसता येते, नाहीतर जागेचं भाडं वाढतच जाईल. आणि दस्तात चुकीचा सर्व्हे नंबर पडला तर तो चुकीचाच जपला जातो, तसंच आपल्या प्रतीचंही, डेटा आधीच बिघडलेला असेल तर प्रत बिघाडासकट निघते. म्हणून एकच नको, तीस दिवसांच्या हव्यात, कारण चोर बऱ्याचदा कित्येक दिवस आत बसलेला असतो आणि आपल्याला नंतर कळतं.

ही हद्द सांगायची गोष्ट मी फार जीव तोडून सांगते कारण माझ्या हातून एकदा ती राहिली. एका सहकारी संस्थेत मी फायरवॉल घ्यायला सांगत होते आणि मला वाटलं आपल्या लोकांना खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या बांधातली, पाणी अडवणारी मानस सांगावी. भरतीचं पाणी आलं की त्याच्याच दाबाने मानशीची दारं मिटतात, ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं, खारं पाणी शेतात येत नाही. फायरवॉलही आतून मागितलेलं जाऊ देते आणि बाहेरून न विचारता आलेलं अडवते, म्हणजे उपमा तशी चांगलीच बसत होती. तिसवाडीतले एक डायरेक्टर, ज्यांची स्वतःची खाजन शेती, ते अगदी मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बाई, मानस आपसूक मिटते, तिला दर वर्षाला लायसन्सची फी कशाला?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी माझ्या उपमेवरून अगदी सरळ निष्कर्ष काढला होता. मानशीला भरती ओळखायची गरज नाही, पाणी गेली शेकडो वर्षं पाणीच आहे. फायरवॉलला रोज नवीन तऱ्हेचं पाणी ओळखावं लागतं, ते ओळखायची यादी कंपनी पाठवत राहते आणि फी तिची असते. हे वाक्य मला दुसऱ्या दिवशी सुचलं. तोपर्यंत यंत्र मंजूर झालं होतं आणि पुढच्या वर्षांची फी कापली गेली होती. त्या यंत्राच्या याद्या नंतर जुन्याच राहिल्या.

त्यातून मी एक सवय लावून घेतली. उपमा ठरली की ज्याला ती गोष्ट माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे अशा माणसाला ती आधी सांगायची. सब-रजिस्ट्रारची उपमा वापरणार असशील तर तुझ्या बोर्डावरच्या किंवा ओळखीच्या वकिलाला चहावर सांग आणि विचार, "ह्यावरून तुम्हाला आणखी काय वाटतं?" तो जे काही जास्तीचं बोलेल, तेच मीटिंगमध्ये कुणीतरी बोलणार आहे. त्यातलं जे कॉम्प्युटरला लागू होत नाही ते लिहून ठेव, तीच तुझी हद्दीची दोन वाक्यं.

एअर गॅपला काहीच उपमा नको. "आठवड्यातून एकदा प्रत काढायची, वायर काढायची आणि डिस्क दुसऱ्या शाखेच्या तिजोरीत ठेवायची." हे ऐकून न कळणारा डायरेक्टर गोव्यात मिळणार नाही. दोन डिस्क आलटून पालटून, म्हणजे एक प्रवासात असताना दुसरी तिजोरीत असते. पावसात डिचोलीची नदी भरते तेव्हा काय होतं हे त्यांना मी काय सांगू, म्हणून तिजोरी दुसऱ्या गावातली निवड. आणि हो, हा उपाय स्वस्त आहे, त्यामुळे कुणी म्हणेल की मग एवढंच करूया. तेव्हा खरं सांग: एवढ्याने मुळीच काही नसण्यापेक्षा खूप बरं, पण प्रत आठवड्याची असेल, म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका दिवसाच्या कामावरून सहा दिवसांच्या कामावर जातं. निर्णय त्यांचा.

बोलताना एका गोष्टीला एकच नाव. मी वर सगळीकडे "प्रत" म्हटलंय बघ. तू बॅकअप, कॉपी, रिप्लिका, स्नॅपशॉट असं आलटून पालटून म्हणालास तर ऐकणाऱ्याला चार वस्तू वाटतात आणि चारांचे पैसे मागतोय असं वाटतं. लिहिताना शाळेत शिकवलेलं असतं की तोच शब्द परत परत नको, पण बोलताना तोच शब्द परत परत हवाच. आणि स्लाइड बंद ठेव. हवी तर एकच, त्यावर दोन प्रश्न मोठ्या अक्षरात मराठीत. बाकी कोकणी-मराठी जसं तुम्ही मीटिंगला बोलता तसंच बोल.

"समजलं ना?" हे विचारू नकोस. त्याला "हो" शिवाय उत्तरच नाही. त्याऐवजी मधेच एक प्रसंग टाक, "चतुर्थीच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी तीनला सर्व्हर बंद पडला, लोकांना पैसे काढायचेत, आपल्या आत्ताच्या व्यवस्थेत सोमवारी काउंटर उघडेल?" आणि गप्प राहा. दहा सेकंद लांब वाटतात पण थांब. कुणी म्हणालं "उघडेल, दोन डिस्क आहेत," तर तुला कळलं की आरसा पोचला नाही, तिथे परत जा. कुणी म्हणालं "अरे, पण नवीन मशीन आणणार कोण?" तर समज की बोर्ड आता तुझ्यासोबत विचार करतोय, तिथून पुढे तू कमी बोल. पंधरा मिनिटांतली पाच मिनिटं तरी ह्यासाठी मोकळी सोड, मी तर म्हणेन सात.

रक्कम ह्याच्यानंतर सांग, आधी नाही. आणि ठराव आधीच साध्या मराठीत लिहून सेक्रेटरीकडे मीटिंगच्या दोन दिवस आधी दे, नाहीतर इतिवृत्तात "बॅकअपबाबत चर्चा झाली" एवढंच येईल आणि पुढच्या वर्षी काय ठरलं होतं ते कुणालाच सांगता येणार नाही. असा काहीतरी लिही: "सर्व्हर बंद पडल्यास जास्तीत जास्त चार तासांचं काम परत करावं लागेल आणि पुढच्या कामकाजाच्या दिवशी सकाळी दहापर्यंत भरणा-काढणं सुरू होईल अशी व्यवस्था करावी. प्रती तीस दिवस कुणालाही पुसता येऊ नयेत. वर्षातून दोनदा प्रतीवरून डेटा उतरवून तेरीज जुळवून बघावी व किती वेळ लागला ते बोर्डास कळवावं." चार तास, दहा वाजता हे आकडे मी माझ्या मनाने घातलेत, ती जागा कोरी ठेव, बोर्डाने बोलून भरू देत. पहिली तालीम पाऊस सुरू व्हायच्या आधी एखाद्या रविवारी ठेव आणि एका डायरेक्टरला घड्याळ घेऊन शेजारी बसव.